कैरोचं घड्याळ आणि चाकणची बैठक

समजा, २०२३चा जानेवारी महिना आहे. चाकणच्या एका कारखान्याला कैरोतल्या ग्राहकाशी व्हिडिओ कॉल ठरवायचा आहे. तारीख १ जून, गुरुवार. कैरोचा माणूस म्हणतो, "सकाळी दहाला ठेवा, आमच्या दहाला. त्याआधी मी गोदामात असतो." चाकणच्या ऑफिसातली मुलगी मनातल्या मनात हिशेब करते. कैरो ग्रीनिचच्या दोन तास पुढे, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे आपल्याकडे दुपारचा दीड. ती कॅलेंडरमध्ये नोंद करते आणि पुढच्या कामाला लागते. पाच महिने आहेत अजून.

१ मार्चला इजिप्तच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की वीज वाचवायला उन्हाळी वेळ पुन्हा आणायची. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी घड्याळं तासभर पुढे न्यायची आणि ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार संपला की मागे आणायची. त्याप्रमाणे २८ एप्रिल २०२३ला कैरोचं घड्याळ पुढे गेलं. आता १ जूनला कैरोत दहा वाजतील तेव्हा चाकणला दीड नव्हे, साडेबारा वाजलेले असतील. बैठक ठरवणाऱ्या दोघांनीही काही बदललेलं नाही, तरी हिशेब चुकला.

तो कॅलेंडरमध्येही चुकला की नाही, हे जानेवारीत नोंद कशी झाली यावर ठरतं. नोंद अशी असू शकते:

```
2023-06-01T10:00:00+02:00
```

किंवा अशी:

```
DTSTART;TZID=Africa/Cairo:20230601T100000
```

पहिल्या ओळीत वेळ आहे आणि शेवटी `+02:00` आहे, म्हणजे ग्रीनिचपासूनचा फरक. दुसऱ्या ओळीत तो आकडा कुठेच नाही. तिथे फक्त एवढंच म्हटलंय की १ जूनला दहा वाजता, आणि हे दहा `Africa/Cairo`चे.

पहिल्या नोंदीने जानेवारीतच सगळं ठरवून टाकलं. तिच्या लेखी ही बैठक ग्रीनिचच्या सकाळी आठची आहे, आणि जगातल्या कुठल्याही मंत्रिमंडळाने काहीही केलं तरी ती आठचीच राहणार. १ जून उजाडतो तेव्हा चाकणच्या स्क्रीनवर दीड दिसतो आणि कैरोच्या माणसाच्या फोनवर अकरा. तो दहा वाजता टेबलाशी येऊन बसतो आणि तासभर वाट बघतो. दुसऱ्या नोंदीने जानेवारीत काहीच ठरवलेलं नसतं. ती दर वेळी नव्याने विचारते की त्या दिवशी कैरोचं घड्याळ ग्रीनिचच्या किती पुढे असेल. मार्चनंतर या प्रश्नाचं उत्तर दोनऐवजी तीन तास असं झालं, की चाकणच्या कॅलेंडरमधली बैठक आपोआप साडेबाराला सरकते आणि कैरोत दहालाच राहते.

हे उत्तर देणारी वही म्हणजे टीझेड डेटाबेस. अमेरिकेतल्या आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८०च्या दशकात ती सुरू केली, म्हणून बरेच जण तिला अजून ओल्सन डेटाबेस म्हणतात. आज पॉल एगर्ट हे संगणकतज्ज्ञ तिची देखभाल करतात. प्रत्यक्षात ती साध्या मजकुराच्या मोजक्या फाइलींची गड्डी आहे, आणि तिची प्रत तुमच्या फोनमध्येही आहे. इजिप्तबद्दलचा २०२३चा निर्णय त्या वहीत असा उतरला:

```
Rule Egypt 2023 max - Apr lastFri  0:00 1:00 S
Rule Egypt 2023 max - Oct lastThu 24:00 0    -
```

२०२३पासून पुढे, `max` म्हणजे दुसरा हुकूम येईपर्यंत, एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी शून्य वाजता एक तास जोडायचा आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी चोवीस वाजता काढून घ्यायचा. हे 'चोवीस वाजता' वाचून मला आधी हसू आलं होतं. शुक्रवारचे शून्य वाजता असं सरळ का नाही लिहिलं? पण कॅलेंडर उघडलं आणि लक्षात आलं. २०२४मध्ये ३१ ऑक्टोबरलाच गुरुवार होता. त्यानंतरचा शुक्रवार नोव्हेंबरात गेला. 'ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार' लिहिलं असतं तर घड्याळ त्या वर्षी बरोबर आठवडाभर आधी मागे गेलं असतं. कायद्यात गुरुवार आहे, तर वहीतही गुरुवारच, भले त्यासाठी दिवसात चोवीसावा ठोका द्यावा लागो.

आपल्याला ही गोष्ट समजायला कठीण जाऊ नये, कारण आपण सणवार असेच ठरवतो. कोणी म्हटलं की "दर वर्षी पाडव्याला आमच्याकडे जेवायला या", तर आपण ते ३० मार्च असं कायमचं लिहून ठेवत नाही. २०२५मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६मध्ये १९ मार्चला आला. 'पाडवा' हे नाव, तारीख हे त्या नावाचं त्या वर्षापुरतं उत्तर, आणि उत्तर शोधायचं पंचांगात. `Africa/Cairo` हे नाव आहे, `+02:00` हे त्याचं हिवाळ्यापुरतं उत्तर. फरक इतकाच की पंचांग चंद्रसूर्यावर चालतं आणि ही वही सरकारांच्या मर्जीवर. त्यामुळे पंचांग वर्षातून एकदा निघालं तरी भागतं. ही वही मात्र वर्षातून कितीही वेळा काढावी लागते, आणि तिच्या प्रत्येक आवृत्तीला वर्ष आणि पुढे अक्षर असं नाव असतं: २०२३ए, २०२३बी, २०२३सी.

नाव आणि आकडा यांतला खरा फरक मला वाटतं इथे आहे. आकडा सांगतो की आत्ता दोन घड्याळांत किती अंतर आहे. नाव सांगतं की ही भेट कोणाच्या घड्याळाची आहे. कैरोच्या माणसाने 'आमच्या दहाला' म्हटलं, म्हणून नोंद कैरोच्या नावे. उलट, चाकणची शिफ्ट दीड वाजता बदलते आणि कॉल त्यानंतरच हवा असं असतं, तर नोंद `Asia/Kolkata`च्या नावे व्हायला हवी होती. मग इजिप्तने काहीही केलं तरी आपला दीड कायम राहिला असता आणि हलायचं ते कैरोच्या माणसाने. जानेवारीत दोन्ही नोंदींची वेळ एकच दिसते. त्या वेगळ्या आहेत हे कळतं एप्रिल संपता संपता.

बरं, `Asia/Kolkata`च का? मुंबई का नाही, राजधानी म्हणून दिल्ली का नाही, असं आपल्याकडे अनेकदा विचारलं जातं. फोनमध्ये टाइम झोन निवडताना कोलकाता पाहून बिचकलेली मंडळी माझ्या ओळखीत आहेत. खंड आणि शहर अशी ही नावं देण्याची पद्धत १९९३मध्ये आली. देशाचं नाव मुद्दाम टाळलं, कारण देश फुटतात, जोडले जातात, नावं बदलतात. शहर बहुधा जागेवरच असतं. शिवाय एका देशात अनेक वेळा असू शकतात. शहर निवडताना राजधानी बघायची नाही, त्या भागातलं मोठं, लोकांना माहीत असलेलं शहर बघायचं. म्हणून चीनसाठी बीजिंग नाही, शांघाय आहे. आणि एकदा नाव रूढ झालं की लोकसंख्येत दुसऱ्या शहराने थोडी बाजी मारली म्हणून ते बदलायचं नाही. स्पेलिंग बदलतं, पण तेही सावकाश. आपली नोंद पूर्वी `Asia/Calcutta` होती. २००८मध्ये ती `Asia/Kolkata` झाली आणि जुनं नाव टोपणनाव म्हणून ठेवलं गेलं, नाहीतर जुन्या नावावर चालणाऱ्या असंख्य प्रणाली एका रात्रीत अडल्या असत्या. थोडक्यात, इथलं कोलकाता हे मानाचं पान नाही. पेटीवरची चिठ्ठी आहे. पेटीत भारतभरचं घड्याळ आहे.

पण मग एक शंका येते. आकडाच घ्यायचा नाही हे ठीक, तरी '५:३० वाले' अशी एक पेटी करून त्यात भारत आणि श्रीलंका दोघांना का ठेवत नाहीत? आज दोघांची वेळ एकच आहे की. उत्तर १९९६मध्ये आहे. विजेच्या टंचाईमुळे त्या वर्षी २५ मे रोजी श्रीलंकेने घड्याळं तासभर पुढे नेली, म्हणजे फरक साडेसहा तासांचा झाला. ऑक्टोबरमध्ये अर्धा तास मागे येऊन तो सहा तासांवर थांबला. तसा तो साडेनऊ वर्षं राहिला. १५ एप्रिल २००६ला श्रीलंका पुन्हा साडेपाचवर आली. म्हणून `Asia/Colombo` वेगळी पेटी आहे. २००१ सालच्या एखाद्या दिवशी कोलंबोत सकाळी नऊला झालेला व्यवहार भारताच्या कितीला झाला, हे आजचा आकडा लावून काढलं तर नऊच येईल. बरोबर उत्तर साडेआठ आहे.

म्हणजे पेटी कशी ठरते? १९७०च्या प्रारंभापासून ज्या भागातली घड्याळं सतत एकमेकांशी जुळत आली आहेत, तो एक भाग. त्यानंतर कधीही फाटा फुटला असेल तर दोन भाग. १९७० हे साल संगणकाच्या सोयीने आलंय. युनिक्समध्ये वेळ मोजायला सुरुवात १ जानेवारी १९७०पासून होते.

या नियमाची किंमत आहे, आणि ती आपल्या मुंबईने मोजली आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६मध्ये आली, पण मुंबईत 'मुंबई टाइम' १९५५पर्यंत टिकून होता. तो ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळेचे दहा वाजत तेव्हा मुंबई टाइमने चालणाऱ्या घड्याळात नऊ वाजून एकवीस मिनिटं झालेली असत. पण हा सगळा वेगळेपणा १९७०च्या आतला. नंतर मुंबई आणि कोलकाता कधीच वेगळे झाले नाहीत, म्हणून `Asia/Mumbai` नावाची पेटीच नाही. `Asia/Kolkata`च्या नोंदीत दुसऱ्या महायुद्धातला तासभर पुढे नेलेला काळ आहे, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ हा सलग टप्पाही आहे. मुंबई टाइम मात्र नाही.

याचा त्रास कोणाला होतो? पत्रिका मांडणाऱ्यांना. १९४३मधली जन्मवेळ असेल तर तास वजा करायचा हे जुने ज्योतिषी पक्कं सांगतात, आणि टीझेड डेटाबेस वापरणारं सॉफ्टवेअरही ते करू शकतं. पण १९४०मध्ये गिरगावात जन्मलेल्या आजोबांची वेळ नोंदणाऱ्याने कुठलं घड्याळ पाहिलं होतं, स्टेशनचं की महापालिकेचं, हे कुठल्याही संगणकाला ठाऊक नसतं. तिथे घरच्यांनाच विचारावं लागतं. ज्योतिषाचा आणि या वहीचा एक धागा आणखी आहे. २०११मध्ये अमेरिकेतल्या एका ज्योतिष-सॉफ्टवेअर कंपनीने जुन्या वेळांच्या माहितीवर स्वामित्वहक्क सांगत ओल्सन आणि एगर्ट यांच्यावर दावा लावला. काही दिवस डेटाबेसचं मूळ ठिकाण बंद पडलं. त्याच महिन्यात इंटरनेटची नावं आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयकॅन या संस्थेने तो आपल्या पंखाखाली घेतला, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीने दावा मागे घेतला.

भविष्याकडे पाहिलं तर वहीची मर्यादा निराळी आहे. नाव कितीही नेमकं असलं तरी उत्तर सरकार देईपर्यंत वहीत येत नाही, आणि वहीत आलं तरी ते फोनपर्यंत पोचायला वेळ लागतो. २०२३मध्ये इजिप्तने जवळपास दोन महिने आधी सांगितलं. २२ मार्चच्या २०२३ए आवृत्तीत तो बदल आला, आणि ज्यांची उपकरणं नियमित अपडेट होतात त्यांना पुरेसा अवधी मिळाला. याच इजिप्तने २०१६मध्ये मात्र ७ जुलैपासून उन्हाळी वेळ लावायचं जाहीर केलं, डेटाबेसने ते नोंदवलं, आणि मग ऐन तोंडावर सरकारने निर्णय फिरवला. ५ जुलैला घाईने नवी आवृत्ती काढावी लागली. ज्या फोनांना पहिली आवृत्ती मिळाली आणि दुसरी वेळेत मिळाली नाही, त्यांचं घड्याळ कैरोत बसून चुकीचं चालणार हे उघड होतं. अशी चूक ओळखायची खूण सोपी आहे: बरोबर एका तासाचा फरक, आणि तोही एकाच देशाच्या नोंदींना.

सगळ्यात मजेशीर पेच लेबनॉनने टाकला. २५ मार्च २०२३च्या मध्यरात्री तिथली घड्याळं पुढे जायची होती. २३ तारखेला काळजीवाहू पंतप्रधान नजीब मिकाती यांनी रमझानचं कारण काढून ते महिनाभर लांबवलं. डेटाबेसची २०२३बी आवृत्ती त्याच दिवशी निघाली. पण मॅरोनाइट चर्चने आणि इतर अनेकांनी नव्या हुकुमाला जुमानलं नाही, आणि बैरुतमध्ये काही दिवस दोन वेळा चालल्या. कोणत्या घड्याळाने भेटायचं हे बोलण्यातच ठरवावं लागे. २७ मार्चला मंत्रिमंडळाने माघार घेतली आणि २९च्या मध्यरात्रीपासून उन्हाळी वेळ लागू झाली. मधल्या चार दिवसांचं वहीत काय करायचं? २८ मार्चला निघालेल्या २०२३सीने सरळ २०२३एचीच माहिती परत आणली, जणू लेबनॉनची घड्याळं ठरल्या रात्रीच पुढे गेली होती. मला हा निवाडा योग्य वाटतो. एका शहरात दोन वेळा चालू असताना कोणतंही एक उत्तर अर्ध्या लोकांसाठी चूकच ठरणार होतं, आणि अशा दिवसांसाठी नावंही कामी येत नाहीत.

आकडा अगदीच टाकाऊ आहे असं नाही. जे घडून गेलं ते आकड्यानिशी लिहिलेलंच बरं. पैसे कधी वर्ग झाले, सर्व्हरवर कोण कधी आलं, या गोष्टींना पुढचा कुठला कायदा हलवू शकत नाही. पुढच्या भेटीगाठींना नाव, झालेल्या गोष्टींना आकडा, एवढं सांभाळलं तर बहुतेक घोळ टळतात. यादीत `Etc/GMT+5` असं काही दिसलं तर मात्र जपून. तिथे चिन्ह जुन्या रीतीने उलटं आहे. `+5` म्हणजे ग्रीनिचच्या पाच तास मागे.

आणि ईमेलमध्ये नुसतं 'आयएसटी' लिहून सोडू नका. आयर्लंडची उन्हाळी वेळही आयएसटी आहे आणि इस्राएलची प्रमाणवेळही. मुलगी न्यू जर्सीत असेल, ग्राहक कैरोत असेल, तर बोलणं कोणाच्या घड्याळाने ठरलं ते विचारा आणि कॅलेंडरमध्ये त्या माणसाचं शहर निवडा. आपल्याला हे विचारायची सवय नाही, कारण `Asia/Kolkata`च्या नोंदीतली शेवटची ओळ १५ ऑक्टोबर १९४५ला सुरू होते आणि तिच्याखाली अजून दुसरी ओळ आलेली नाही.